नेबर्स प्रोब ड्रॉवरमध्येच होता

कापूस वेचणी चालू होती, त्यामुळे बाजाराचा दिवस सोडला तर दवाखान्यात कोणी फिरकत नव्हतं. काका खर्रा बाहेर थुंकून आत आले. वर्षभरात दोनदा मीच त्यांचं क्लीनिंग केलेलं. "डाक्टर, डाव्या बाजूनं वास येते जी, दुखत तं काही नाई."

खालची पहिली दाढ. हलत नव्हती, किडलेली नव्हती, पण हिरडी दाबली की पू. आधी थंड लावून पाहिलं, लगेच लागलं, म्हणजे नस जिवंत. हे बघावंच लागतं, कारण मेलेल्या नसेचा पूही कधीकधी याच जागेतून निघतो.

या दाढेला दोन मुळं, पँटच्या पायांसारखी. ती जिथं फाकतात ते फर्केशन, एरवी हाडात झाकलेलं असतं, हाड झिजलं की उघडं पडतं. हिरडीची फट मोजायची सळी, म्हणजे सरळ प्रोब, तिथं वळतच नाही, त्यासाठी वाकडा नेबर्स प्रोब लागतो, आणि तो मी मागच्या दोन्ही वेळी काढलाच नव्हता. बाहेर रांग होती वगैरे ठीक आहे, पण खरं सांगायचं तर आळस.

प्रोब आडवा 3 मिलिमीटरपर्यंत गेला तर पहिली ग्रेड, त्यापुढे गेला पण आरपार नाही तर दुसरी, आरपार गेला की तिसरी. गालाकडून 5 गेला, जिभेकडून 4, मग अडकला. एक्सरेत नुसती पुसट सावली. मी दुसरी ग्रेड लिहून मोकळा. अरे, दाढच साधारण 10 मिलिमीटर रुंद, 5 आणि 4 ची बेरीज तरी करायची!

त्या फटीचं तोंड बहुतेक वेळा 1 मिलिमीटरपेक्षा अरुंद, खरवडायच्या क्युरेटचं पातंही जवळपास तेवढंच, म्हणून नुसतं खरवडून भागणार नव्हतं. हिरडी उघडली, मधला लिबलिबीत भाग काढला, गालाकडून प्रोब घातला तर टोक जिभेकडून बाहेर. तिसरी.

दुसरी असती तर हाडाची पावडर आणि मेंब्रेन टाकून बघता आलं असतं, तेही खर्रा सुटला तर. तिसरीत त्याचा भरवसा नाही. उरलं काय, तर रूट कॅनाल करून एक मूळ कापून काढा आणि कॅप बसवा, किंवा मुळांमधून ब्रश जाईल असा बोगदा ठेवा, नाहीतर दाढ काढा. पुढं काय काय निघू शकतं ते ऑपरेशनआधीच बोललो होतो, तेव्हा कॅपचा खर्च ऐकून काका म्हणाले, "मंग काढूनच टाका ना." घट्ट दाढ काढायला माझाच हात धजेना. बोगद्यावर तडजोड झाली. मी फट थोडी रुंद केली, हिरडी खाली बसवून शिवली. तो बारका ब्रश आमच्या गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून पाकीट मीच दिलं.

तीन महिन्यांनी आले. ब्रशचे केस झडून नुसती तार उरलेली, तरी तोच चालू होता. पू नाही, वास नाही. पण आतल्या बाजूला मागच्या मुळावर प्रोब किंचित चिकटला, कीड सुरू होतेय, बोगद्यात हीच भीती असते. फ्लोराइड लावलं, नवं पाकीट दिलं.

ते गेल्यावर जुना केसपेपर काढला. 36, म्हणजे याच दाढेच्या नंबरासमोर, माझ्याच अक्षरात हिरडीच्या फटीची खोली, 'पॉकेट 5', बस.