लाल भिंत, कौलं आणि माड: फोटोवरून घर ओळखण्याची या वेळची नोंद

मागच्या नोंदीत आपल्या तापीकाठच्या धाब्याच्या घरांबद्दल लिहिलं होतं. या वेळी थेट समुद्राकडे. जळगावात बसून कोकणातली घरं ओळखायची म्हणजे जरा उलटाच उद्योग आहे, पण आपल्याकडे येणाऱ्या फोटोंपैकी निम्मे तरी तिकडचे असतात आणि त्यातल्या बहुतेकांवर एकच शेरा पडतो: 'कोकण'. धुळ्याचे आप्पा तर फोटो पुरता उघडायच्या आत म्हणतात, "भो, माड दिसला म्हणजे कोकण. त्यात काय एवढं पाहायचं?"

पाहायचं बरंच असतं. लाल दगडाची भिंत, उतरतं कौलारू छप्पर आणि मागे माड हे त्रिकूट रत्नागिरीपासून गोवा, कारवार, उडुपी करत थेट केरळच्या कण्णूरपर्यंत सापडतं. उलट अलिबागकडे कोकण असूनही काळा दगडच जास्त दिसतो. आणि जांभा दगड महाबळेश्वर, पाचगणी, माथेरानच्या डोक्यावरही आहे, फक्त तिथे माड नाहीत. म्हणून मी हल्ली माडाकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी भिंत.

भिंतीत पहिला प्रश्न असा की तो खरंच जांभ्याचा चिरा आहे का. लांबून वीट, गेरू फासलेली मातीची भिंत आणि चिरा हे तिन्ही लालच दिसतात. यावर सोपा उपाय म्हणजे दाराच्या चौकटीशेजारी जोत्यापासून वरपर्यंत थर मोजायचे. चिरा साधारण सव्वा फूट लांब आणि सात ते नऊ इंच उंच असतो, त्यामुळे चौकटीच्या उंचीत नऊ ते अकरा थर बसतात. विटेचे त्याच उंचीत वीसच्या वर जातात. फोटो कितीही धूसर असला तरी दहा आणि वीस यातला फरक लपत नाही.

दुसरी जागा म्हणजे घराचा कोपरा. हल्ली नव्या रिसॉर्टांना जांभ्याच्या पातळ चकत्या चिकटवायची फॅशन आहे. समोरून ती भिंत हुबेहूब दिसते, पण कोपऱ्यावर वरपासून खालपर्यंत एक सरळ सांधा पडतो. खऱ्या बांधकामात कोपऱ्यावर एका थरात चिऱ्याची लांब बाजू दिसते आणि पुढच्या थरात आखूड, अशी ती एकाआड एक सांधत वर जाते. फोटो मोठा करून कोपरा पाहिला की मिनिटभरात निकाल लागतो. जवळून घेतलेला फोटो असेल तर दगडावरच्या खुणाही वाचता येतात. हाताने तासलेल्या चिऱ्यावर तिरके, कमी-जास्त खोलीचे घाव असतात, तर मशीनने कापलेल्यावर गोल पात्याच्या एकसारख्या कमानदार रेघा. यावरून जिल्हा कळत नाही, पण घर जुनं की अलीकडचं याचा अंदाज येतो.

रंगावर मात्र विसंबू नका. खाणीतून नुकता निघालेला चिरा नारिंगी-गुलाबी असतो, त्यात पिवळे डाग असतात आणि तो मऊही असतो. उघड्या हवेत राहून तो कडक होतो आणि गडदही होत जातो. पावसाळ्यात भिजल्यावर तर तोच दगड काळपट लाल दिसतो. एकाच घराचे मे आणि ऑगस्टमधले फोटो शेजारी ठेवले तर कुणीही दोन वेगळी गावं म्हणेल.

आता या वेळचा मुख्य फोटो. कुठून कुठे फिरत आलेला, त्यातली जागेची माहिती पुसली गेलेली. घर कोपऱ्यावरून टिपलंय: डावीकडे पडवीची लांब बाजू, उजवीकडे त्रिकोणी माथ्याची आखूड भिंत. अंगणात पांढरट वाळू, मागे माड, उजव्या कडेला एका निळ्या फलकाचा तुकडा. सावल्या आपल्याकडे आणि थोड्या डावीकडे पडलेल्या.

चौकटीपर्यंत दहा थर भरले आणि कोपराही एकाआड एक सांधलेला, म्हणजे खरा चिरा. गिलावा कुठेच नव्हता. गोव्यातली राहती घरं बहुतेक गिलावा करून रंगवलेली असतात, उघडा चिरा तिथे जास्त करून कुंपणाच्या गडग्यात नाहीतर गोठ्यात दिसतो. पुढे दोन्ही बाजूंनी बसायला बाकं असलेला गोव्याचा पोर्चही नव्हता, खिडक्यांत शिंपल्यांच्या तावदानांऐवजी साधे लाकडी गज होते. एवढ्यावरून गोवा बाद होत नाही, फक्त यादीत खाली सरकतो.

मग ती गोष्ट, जिच्यामुळे हा फोटो लक्षात राहील. पडवीच्या वाशांना जागोजागी दोरीची तुटकी टोकं लोंबत होती. आम्ही सगळ्यांनी ती कपडे वाळत घालायची दोरी समजून सोडून दिली होती. भुसावळला आमच्या एका मित्राच्या घरी हा फोटो बघत बसलो होतो. वहिनी मूळच्या कुडाळकडच्या. चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "पावसात पडवेक झापां बांधतत, तेचो सुंभ तो."

झापं म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या. आपल्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणून मातीचं सपाट धाबं निभतं. सिंधुदुर्गात आकडा ३,००० च्या घरात जातो आणि तो पाऊस सरळ पडत नाही, नैऋत्येकडून आडवा येतो. त्या झडीपासून पडवी आणि भिंत वाचवायला वाऱ्याच्या बाजूला झापं बांधतात आणि पावसाळा सरला की सोडतात. मागे सुंभाची टोकं राहतात. मग आम्ही भिंतीचा खालचा भागही निरखून पाहिला. पडवीच्या बाजूला गुडघाभर उंचीपर्यंत दगड शेवाळाने काळा पडलेला, पत्र्यावर वाळलेल्या काळ्या पापुद्र्यासारखा. आखूड भिंतीवर तो डाग बराच कमी.

याचा उपयोग असा झाला. नुसत्या सावलीवरून सकाळ की संध्याकाळ हे सांगता येत नव्हतं. पडवी पश्चिमेला असेल तर फोटो सकाळचा, पूर्वेला असेल तर संध्याकाळचा, आणि दोन्ही वेळा सावल्या तशाच पडल्या असत्या. सुंभ आणि शेवाळाने तो पेच सोडवला. पडवी पश्चिमेची, वेळ सकाळची, छपराचं आढं दक्षिणोत्तर आणि फोटो काढणारा नैऋत्येला वाळूत उभा. समुद्र बहुधा त्याच्या पाठीमागेच.

फलकाच्या तुकड्यावर देवनागरीत 'जि. प.' एवढंच वाचता येत होतं. नुसती देवनागरी असती तर काही सिद्ध झालं नसतं, कारण गोव्यातही देवनागरी पाट्या आहेत. पण जिल्हा परिषद आपल्या राज्यात असते. गोव्यात जिल्हा पंचायत, आणि तिथल्या प्राथमिक शाळांवर 'सरकारी' असं लिहिलेलं असतं. कारवार आणि त्याच्या खालचा किनाराही इथेच गळाला. माडांत पोफळी एकही नव्हती. पोफळीला सावली, आडोसा आणि गोडं पाणी लागतं, त्यामुळे उघड्या पुळणीवर ती सहसा नसते. घर वाळूच्या पट्ट्यावरच आहे, आत डोंगराच्या पायथ्याला नाही, याला हा आणखी एक आधार.

एवढ्यावर उपग्रह नकाशा उघडला. नकाशात शोधायचं तर माप हवं, आणि माप कौलांनी दिलं. मंगलोरी कौल सुमारे १६ इंच लांब असतं, पण एकावर एक चढल्यामुळे प्रत्येकाचा साधारण ३२ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद एवढाच भाग दिसतो. चौरस मीटरला १५ च्या आसपास कौलं बसतात, ती यामुळेच. आढ्यालगतच्या रांगेत ५० कौलं भरली, म्हणजे छप्पर साडेदहा मीटर लांब. उतारावर ११ रांगा, म्हणजे साडेतीन मीटर. आखूड भिंतीत तळाला १३ चिरे, म्हणजे पाच मीटर, आणि दोन्ही बाजूंची वळचण धरून सहा. वरून पाहताना साडेदहा बाय सहाचा आयत दिसायला हवा. उताराचा कोन ३० अंशांच्या आसपास येतो, जो मंगलोरी कौलांना शोभतो. कोन काही वेडावाकडा आला असता तर मोजणीत गडबड आहे असं समजलो असतो.

हे माप नळीच्या कौलांवर चालत नाही. ती कुंभाराच्या हातची, आकार गावोगावी वेगळा. आणि मंगलोरी कौल दिसलं म्हणून घर मंगळूरकडचं ठरत नाही. बासेल मिशनने १८६५ मध्ये तिथे कारखाना काढला आणि पुढे ती कौलं सगळीकडे पोचली, ब्रिटिशकालीन स्टेशनं आणि डाकबंगल्यांवरही. कौलाच्या पोटावरचा छाप वाचता आला तरी तो कारखान्याचा पत्ता, घराचा नव्हे.

नकाशात मालवण ते वेंगुर्ला हा लांब वाळूचा पट्टा घेतला. रत्नागिरीचा किनारा डोंगराच्या सोंडांनी तुटत तुटत जातो, तिथे एवढी सलग पुळण कमी. 'जि. प.'चा फलक शाळेचाच धरला, मग शाळेचं मैदान आणि त्याच्या पश्चिमेला किंवा वायव्येला दक्षिणोत्तर कौलारू छप्पर, एवढ्यावर चाळत गेलो. माडांच्या शेंड्यांनी अर्धी छपरं झाकलेली असतात, म्हणून जुन्या तारखांची चित्रंही लावून पाहावी लागली. एका चित्रात सूर्य तिरका होता आणि छपराचा एक उतार उजळ, दुसरा काळा असा स्पष्ट निघाला. लांबी दहा मीटरच्या थोडी वर, रुंदी सहा. मैदान जिथे हवं तिथेच. वहिनींच्या ओळखीतल्या एकाने परवा तिथून जाताना खात्री करून दिली. गावाचं नाव इथे लिहीत नाही, घर राहतं आहे.

आप्पांचं म्हणणं, "शेवटी कोकणच निघालं ना!" आता त्यांनीच पुढचा फोटो दिलाय. उघडा चिरा, नळीची कौलं, माडांत पोफळी मिसळलेली, फलक नाही, सुंभ नाही. खिडकीच्या गजांवर लाकडी नक्षी आहे आणि आखूड भिंतीच्या माथ्यावर कोरलेली लाकडी फळी दिसते, जी मला केरळच्या बाजूची वाटते. आप्पा आणि चोपड्याचे मास्तर कोकणावरच अडून आहेत. कुणाकडे कासरगोड-कण्णूरकडच्या घरांचे माथे जवळून टिपलेले फोटो असतील तर पाठवा, नळीच्या कौलांचं एखादं खात्रीचं मापही चालेल.