एनपीव्ही ४ लाख ८५ हजार, आणि मला काहीच खटकलं नव्हतं

सीए इंटरच्या तयारीत फायनान्शियल मॅनेजमेंटची एक सराव परीक्षा दिली होती. कॅपिटल बजेटिंगचा प्रश्न हातचा वाटला म्हणून तोच आधी सोडवला. पेपर तपासून आला तेव्हा त्या उत्तराखाली लाल रेघ होती, बाजूला एवढंच लिहिलेलं: 'फॅक्टर?'

प्रश्न साधा होता. मशीन १८ लाखांचं, वर्किंग कॅपिटल १ लाख, आयुष्य ५ वर्षं, शेवटी स्क्रॅप ३ लाख. दरवर्षी घसारा आणि कर धरण्याआधीची बचत ६ लाख, घसारा स्ट्रेट लाइन, कर २५ टक्के, डिस्काउंट रेट १२ टक्के. घसारा वर्षाला ३ लाख, म्हणजे करपात्र नफा ३ लाख, कर ७५ हजार, आणि हातात उरणारी रोकड ५.२५ लाख. इथवर सगळं बरोबर होतं.

चूक झाली कॅल्क्युलेटरवर. आपण सगळेच ॲन्युइटी फॅक्टर कसा काढतो? १ भागिले १.१२, मग = पाच वेळा, मग GT. मी = सहा वेळा दाबलं. ३.६०५ च्या जागी ४.१११ आलं, म्हणजे सहा वर्षांचा फॅक्टर. त्याने ५.२५ लाखांना गुणलं, स्क्रॅप आणि सुटलेलं वर्किंग कॅपिटल मिळून ४ लाखांना ०.५६७ लावलं आणि एनपीव्ही लिहिला ४,८५,०७५. खरं उत्तर २,१९,४२५. दोन्हीकडे निर्णय 'मशीन घ्या' असाच, त्यामुळे मला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

अभ्यासिकेत माझ्या शेजारी एक ताई बसायची, फायनलची तयारी करणारी. तिला पेपर दाखवला. तिने कॅल्क्युलेटर हातात न घेताच सांगितलं, "चार पॉइंट एक येणारच नाही गं. पाच वर्षं, बारा टक्के, तीन पॉइंट सातच्या आतच यायला हवं."

"तोंडपाठ आहे का तुला?"

"पाठ कशाला करायचं? पैसे कधी येतात ते बघ ना."

पैसे येतात पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी. सरासरी काढली तर तीन वर्षांनी. तीन वर्षांचं १२ टक्क्यांनी सरळव्याज ३६ टक्के. म्हणून ५ भागिले १.३६, साधारण ३.६८. सूत्र म्हणून लिहायचं तर असं:

फॅक्टर ≈ n ÷ (1 + r × (n + 1) ÷ 2)

खरा फॅक्टर ३.६०५, म्हणजे अंदाज दोन टक्क्यांनी जास्त. मला सर्वात कामाची वाटली ती ही गोष्ट की हा अंदाज एकाहून जास्त वर्षांसाठी नेहमी जास्तच येतो, कधी कमी येत नाही. म्हणजे तो नुसता अंदाज नाही, वरची मर्यादा आहे. कॅल्क्युलेटरने ४.१११ दाखवलं आणि मर्यादा ३.६८ असेल, तर बोटं चुकलीत हे नक्की. आधीच्या गणिताची बेरीज GT मध्ये तशीच राहिली असेल तर तीही बहुतेक वेळा इथेच पकडली जाते.

मग ताईने माझा प्रश्न तोंडी सोडवून दाखवला. ५.२५ गुणिले ३.६८, म्हणजे १९.३ लाख. ७२ च्या नियमाने १२ टक्क्यांना पैसे सहा वर्षांत दुप्पट होतात, उलट बाजूने सहा वर्षांनी येणाऱ्या पैशांची किंमत आज निम्मी. पाच वर्षांसाठी निम्म्यापेक्षा थोडी जास्त, तेव्हा ४ लाखांचे सव्वादोन. एकूण साडेएकवीस, वजा गुंतवणूक १९, उरले अडीच लाख. फॅक्टर थोडा जास्त धरलाय हे लक्षात घेतलं तर उत्तर दोन ते अडीचच्या मधे कुठेतरी. पावणेपाचाच्या वर जाणं शक्यच नाही.

इथे एक जागा आहे जिथे मी नंतर बरेच दिवस अडखळत होते. फॅक्टरमधली चूक दोनच टक्क्यांची, पण अंदाजाने एनपीव्ही अडीच लाख आणि खरा २.१९, म्हणजे तफावत चांगली १४-१५ टक्क्यांची. कारण एनपीव्ही ही वजाबाकी आहे. १९ लाखांवरची छोटी चूक दोन लाखांच्या उत्तरावर मोठी दिसते. म्हणून मी आता आवक रोकडीचं वर्तमान मूल्य जुळतंय का ते बघते, थेट एनपीव्ही ताडत नाही. आणि एनपीव्ही शून्याच्या जवळ असेल तर या अंदाजावरून अधिक की उणे हे ठरवायच्या भानगडीत पडत नाही.

त्यासाठी वेगळी युक्ती आहे. गुंतवणूक भागिले वार्षिक रोकड, म्हणजे पेबॅकच, आणि तो आकडा फॅक्टरशी ताडायचा. १९ भागिले ५.२५ म्हणजे ३.६२. फॅक्टर ३.६०५. पेबॅक किंचित जास्त, तेव्हा फक्त वार्षिक रोकडीवर हे मशीन सात-साडेसात हजारांनी तोट्यात आहे! सगळा फायदा शेवटी येणाऱ्या ४ लाखांचा. मी वर्किंग कॅपिटल आणि स्क्रॅप विसरले असते तर निर्णयच उलटा झाला असता, आणि उत्तर उणे ७,३७५ असं अगदी खरं वाटणारं दिसलं असतं. पेबॅक आणि फॅक्टर इतके जवळ दिसले की मी आता शेवटच्या वर्षाची ओळ पुन्हा वाचते.

वर्षं वाढली की मात्र हे सरळव्याजाचं सूत्र बिघडतं. १० वर्षांना ६.०२ देतं, खरा फॅक्टर ५.६५. २० वर्षांना ८.८५ देतं, जे कायमस्वरूपी येणाऱ्या रकमेच्या फॅक्टरपेक्षाही, म्हणजे १ भागिले ०.१२ = ८.३३ पेक्षाही जास्त, आणि तो तर कुठल्याच मुदतीला ओलांडता येत नाही. तिथे ८.३३ पासूनच सुरुवात करायची. दर सहा वर्षांनी निम्मं, अठरा वर्षांनी एक अष्टमांश, वीस वर्षांनी साधारण एक दशांश. तेवढा भाग वजा केला की ७.५. टेबलमध्ये ७.४६९ आहे.

खऱ्या परीक्षेत रोकड दरवर्षी वेगळी होती. आकडे मला नीट आठवत नाहीत, पण आकार असा होता: ३, ४, ५, ६, ७ लाख, १२ टक्के. सरासरी ५ लाख, म्हणून अंदाज १८.४ आणि खऱ्या फॅक्टरने १८.०२. एकेक वर्ष डिस्काउंट करून माझं उत्तर आलं १७.२१. पेन्सिलने कोपऱ्यात लिहिलेला अंदाज आणि उत्तर जुळेना, मी घाबरून पाचही ओळी पुन्हा मांडल्या. पुन्हा १७.२१. मग ट्यूब पेटली: मोठ्या रकमा उशिरा येताहेत, तेव्हा सरासरीने काढलेलं मूल्य जास्तच दिसणार. हाच क्रम ७ पासून ३ पर्यंत उतरता असता तर उत्तर १८.८४ आलं असतं, सरासरीच्या तितकंच वर. चढत्या रकमांना उत्तर खाली, उतरत्यांना वर, हे ताईने सांगितलं होतं आणि मी वहीत चौकट करून लिहिलंही होतं. सात मिनिटं गेली. पुढचा कॉस्ट ऑफ कॅपिटलचा प्रश्न त्यामुळे अर्धाच राहिला.