फोंड्यात लग्नाच्या जेवणासाठी: केटरर, दर आणि चवीची बैठक

धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात, फोंड्याजवळच्या एका हॉलमध्ये. जेवण शाकाहारी, गोव्याच्या पद्धतीचं. एप्रिलमध्ये आई आणि मी बेळगावहून जांबोटी-चोर्ला मार्गे गाडी काढली आणि साखळीवरून फोंड्याला मावशीकडे उतरलो. सकाळी लवकर निघा. केटरर मंडळी दुपारी ऑर्डरवर असतात, निवांत बोलायला अकराच्या आत किंवा थेट संध्याकाळीच भेटतात.

दोघांचे दर जवळ ठेवून पाहिले. पहिल्याचा ताटामागे 420 रुपये, दुसऱ्याचा 510. आई पहिल्याकडेच झुकली होती. मावशी म्हणाली, "अगं, दर नको विचारूस, दरात काय काय धरलंय ते विचार." मग मी पहिल्याला एकेक बाब विचारत गेले. दुसरा गोड पदार्थ 25 रुपये, पाण्याची बाटली 10, ताट-वाट्यांचं भाडं 15. वाढपी आणि गाडी-गॅस मिळून 14,400, म्हणजे आमच्या 350 माणसांवर ताटामागे साधारण 41. बेरीज 511 झाली. त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास 537. दुसऱ्याच्या 510 मध्ये हे सगळं होतं, करसुद्धा. त्यामुळे दोघांनाही एकच मेनू लिहून द्या आणि प्रत्येकाकडून करासकट एकच आकडा मागा.

त्याहून मोठा फरक किमान संख्येत निघाला. पहिला 350 ताटांचे पैसे घेणारच, माणसं कितीही येवोत. दुसऱ्याची हमी 300 ची. लग्नाला 310 आले तर पहिल्याचं बिल सुमारे 1,88,000 राहतं, दुसऱ्याचं 1,58,100. आमचे निम्मे पाहुणे घाट उतरून येणार, तेव्हा हा धोका खरा आहे. शेवटचा आकडा किती दिवस आधी द्यायचा आणि वरच्या ताटांना कोणता दर लागेल, तेही विचारून घ्या. फोटोग्राफर आणि वाजंत्रीवाल्यांची पानंही मोजली जातात.

मोजणीचंही तसंच. पंगतीत सोपं असतं: दर पंगतीला किती पानं बसली ते आपला एक माणूस त्यांच्या माणसासोबत लिहितो. बुफेत मात्र लोक गोडासाठी दुसरी प्लेट उचलतात, म्हणून फक्त मोठी ताटं मोजायची, तीही सुरुवातीला आणि शेवटी थप्प्या दोघांनी मिळून.

चवीच्या बैठकीला दुसऱ्या केटररकडे गेलो. त्यांनी छोट्या पातेल्यात चार पदार्थ करून ठेवले होते. चव छान होती, पण आठ माणसांच्या पातेल्यावरून साडेतीनशेचं जेवण कळत नाही. मी विचारलं, "काका, तुमची मोठी ऑर्डर कधी आहे? त्यातलंच थोडं वाढाल का?" त्यांनी मोकळेपणाने दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं. तेव्हा खरं ते कळलं. खतखत्यात भाज्यांच्या फोडी वेगवेगळ्या दिसत होत्या, तिरफळाचा वास वर येत होता. मोठ्या भांड्यात हेच पहिलं बिघडतं: भाज्या एकदम टाकल्या तर भोपळा विरघळतो आणि सुरण कच्चा राहतो. मुद्दाम सुरणाची फोड चमच्याने दाबून पाहा.

सोलकढी वाटीत घेऊन तासभर बाजूला ठेवली. नारळाचं दूध आणि पाणी वेगळं होणं स्वाभाविक आहे, ढवळल्यावर एकजीव झालं पाहिजे. आंबूस वास आला किंवा बारीक गुठळ्या राहिल्या तर ती सकाळीच करून ठेवलेली आहे असं समजा. पुरीही अर्धा तास झाकून ठेवून मग खाल्ली, कारण पाहुण्यांच्या पानात ती तशीच पडणार. आमची थोडी चिवट झाली होती. त्यावर त्यांनी पुऱ्या पंगत सुरू असताना तळून देण्याचं कबूल केलं. त्यासाठी एक जास्तीची शेगडी लागेल. हॉलमध्ये तिला जागा आहे का, हे त्याच दिवशी जाऊन पाहून आलो.

सगळ्यात महत्त्वाचं काजूच्या तोंडाकाचं. एप्रिलमध्ये त्यात ओले काजूगर होते, काय सुरेख लागलं! पण लग्न डिसेंबरात, तेव्हा ओले काजू कुठले? सुके भिजवून घालणार. म्हणून तेच तोंडाक सुक्या काजूंचं करून चाखायला मागितलं. काजू आतून मऊ, पण अख्खे राहिले होते, ते पटलं. तुमची बैठक आणि लग्न वेगवेगळ्या मोसमात असेल तर प्रत्येक पदार्थाबद्दल हा प्रश्न विचाराच.

आगाऊ रक्कम देण्याआधी कागदावर घ्यायच्या गोष्टी: मेनू पदार्थांच्या नावानिशी, करासकट दर, किमान संख्या, मोजणीची पद्धत, आणि बैठकीचं जेवण केलेला आचारीच लग्नाला असेल ही ओळ. बिलावर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक आहे का तेही बघा.

परतताना घाटात अंधार होऊ देऊ नका. आम्ही चारलाच फोंड्याहून निघालो.