एक ओळ आणि चार बिल्ड

"दादा, मी फक्त तारखेचं फंक्शन बदललं. मग चारही ॲप पुन्हा का बिल्ड झाली?"

टीममधल्या नव्या मुलीचा हा प्रश्न सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

ते फंक्शन `packages/common` मध्ये आहे. तारखा, फॉर्म, लॉगिन, सगळं तिथेच कोंबलेलं, आणि चारही ॲप त्याच्यावर अवलंबून. बिल्डसाठी आम्ही टर्बोरेपो वापरतो आणि तो कॅशचा हिशेब पॅकेजनुसार ठेवतो. आतली एक फाइल बदलली की त्याच्या लेखी अख्खं पॅकेज बदललं. टूलचं काहीच चुकलं नव्हतं, चुकली होती आमची विभागणी.

दुपारी दोघांनी बसून तारखांचं वेगळं पॅकेज केलं. ते फक्त बिलिंगचं ॲप वापरतं. ही विभागणी `main` मध्ये मर्ज केली, तारखेच्या फंक्शनमधली एक ओळ पुन्हा बदलली, आणि टर्बो बाजूला ठेवून नुसत्या पीएनपीएमवर चालवून पाहिलं:

```
pnpm --filter "...[origin/main]" build
```

बदललेलं पॅकेज आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं ॲप, एवढंच बिल्ड झालं.

टर्बोची खरी कमाई म्हणजे सगळ्यांत वाटून घेता येणारी कॅश. पन्नास पॅकेजेस असती, तर मी ती आनंदाने सांभाळली असती. पण चार ॲपसाठी आणखी एक कॉन्फिग फाइल, आणि कॅश शिळी निघाली की तासभर शोधाशोध? मला तरी हे पटत नाही.

तुमच्याकडे किती पॅकेजेस झाल्यावर वेगळं टूल लागलं?