वजन उलटसुलट उडू लागलं तेव्हा

पणजीतल्या आमच्या ऑफिसात फ्लॅटच्या क्षेत्रफळावरून भाडं सांगणारं मॉडेल शिकवायचं काम चालू होतं. लॉस कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला आणि थोड्याच पावलांत पडद्यावर `nan`, म्हणजे 'ही संख्याच नाही', असं आलं. नव्याने आलेली सहकारी म्हणाली, "सर, डेटा खराब आहे." सगळे डेटा चाळत बसले. छापलेल्या वजनांकडे मात्र कुणी पाहिलं नाही, आणि ते मला अजून खटकतं, कारण उत्तर तिथेच होतं.

समजायला तीनच फ्लॅट घेऊ: 60, 80 आणि 100 चौरस मीटर, भाडं 15, 20 आणि 25 हजार. मॉडेल क्षेत्रफळाला एकाच आकड्याने, म्हणजे वजनाने, गुणून भाडं सांगतं; म्हणजे खरं वजन 0.25. लॉस म्हणजे चुकांच्या वर्गांच्या सरासरीचा अर्धा भाग. लर्निंग रेट, म्हणजे दर पावलाला लॉसच्या उताराच्या किती पट सरकायचं तो आकडा, 0.001; सुरुवात शून्यापासून. वजनं अशी येतात:

```
0   1.667   -7.778   45.741
```

पहिल्याच पावलात 0.25 ओलांडून आपण पलीकडे गेलो, आणि आधी होतो त्याहून लांब. तिथे उतार जास्त तीव्र, म्हणून पुढचं पाऊल आणखी मोठं आणि उलट दिशेचं. दर पावलाला चूक `1 − η·L` ने गुणली जाते. η हा रेट, L ही लॉसची वक्रता. इथे L म्हणजे क्षेत्रफळांच्या वर्गांची सरासरी, सुमारे 6667. गुणक येतो −5.67, आणि लॉस दर पावलाला 32 पट होतो. हा गुणक −1 आणि 1 यांच्या मध्ये राहायला हवा, म्हणून रेट `2/L` पेक्षा, म्हणजे 0.0003 पेक्षा कमी हवा. नेमका 0.0003 ठेवला तर वजन 0 आणि 0.5 यांच्यात कायम हेलकावे खातं.

L माहीत नसला तरी वजनांवरून काढता येतो. लागोपाठच्या दोन पावलांचं, म्हणजे वजनांतल्या दोन फरकांचं, गुणोत्तर घ्या: −9.444 भागिले 1.667, म्हणजे −5.67. चिन्ह पालटतंय आणि गुणोत्तर स्थिर आहे, तर दोष डेटात शोधू नका. हे गुणोत्तर म्हणजेच `1 − η·L`, म्हणून η·L = 6.67 आणि L = 6.67 भागिले 0.001. कुठून तरी उचललेला 0.001 सगळीकडे चालतो, हा समज मला धोकादायक वाटतो. लॉसमध्ये सरासरीऐवजी बेरीज धरली, तर या तीन फ्लॅटसाठी मर्यादा लगेच एक तृतीयांश होते.

नुसता रेट उतरवूनही भागत नाही. मॉडेलमध्ये स्थिर पद घातलं की शिकायचे आकडे दोन होतात, आणि दुसऱ्या दिशेची वक्रता फक्त 0.04 येते. 0.00015 रेटने त्या दिशेतली चूक साधारण एक तृतीयांशावर यायला दीड लाखाहून जास्त पावलं लागतात. क्षेत्रफळातून सरासरी 80 वजा करून प्रमाण विचलन 16.33 ने भागलं, की दोन्ही वक्रता 1 होतात आणि मर्यादा थेट 2 वर जाते. सोबत खोल्यांची संख्याही तशीच बदलून घेतली आणि तिचा क्षेत्रफळाशी सहसंबंध 0.9 असला, तर मोठी वक्रता 1.9 होते, म्हणून रेट 1.05 च्या खाली ठेवावा लागतो.