आठ इमारती आणि एक गप्प शून्य

पुनर्वसनाच्या इमारतींमधील लिफ्ट कुठे चालू राहते आणि कुठे बंद पडते, हा आमच्या छोट्या अभ्यासाचा प्रश्न होता. कुर्ला, चेंबूर, मानखुर्द आणि वडाळा या भागांतील आठ गृहनिर्माण संस्था आम्ही निवडल्या होत्या. आठ प्रकरणांवर सरासऱ्या काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून चार्ल्स रेगिन यांनी १९८७ मध्ये मांडलेली गुणात्मक तुलनात्मक विश्लेषणाची पद्धत घेतली. गेल्या बारा महिन्यांत लिफ्ट सलग सात दिवसांहून अधिक बंद नसेल तर फलित (L) १, नाहीतर ०. अटी तीनच ठेवल्या: तीन वर्षे वार्षिक सभा झाली का (S), निम्म्याहून अधिक कुटुंबे एकाच जुन्या वस्तीतली आहेत का (J), आणि देखभालीच्या ठेवीचे व्याज संस्थेच्या हाती येते का (N). तीन अटींच्या आठ जोडण्या होतात. सत्यतासारणीत तेवढ्याच ओळी, आणि प्रत्येक इमारत त्यांपैकी एका ओळीत बसते.

त्या सकाळी सहकाऱ्याने आर या संगणकीय भाषेतील QCA पॅकेजमध्ये आज्ञा दिली:

```
tt <- truthTable(d, outcome = "L",
  conditions = c("S", "J", "N"),
  incl.cut = 1, show.cases = TRUE)
minimize(tt, details = TRUE)
```

उत्तर आले `S*J`. सभा होतात आणि शेजारीही जुने आहेत, तिथे लिफ्ट चालते. उत्तर इतके सुबक होते की त्याने अहवालाचा मसुदा उघडलासुद्धा. मला मात्र व्याप्तीचा आकडा खटकला. तो ०.७५ होता, म्हणजे लिफ्ट चालू असलेल्या चार इमारतींपैकी एकीचे स्पष्टीकरण या उत्तरात नव्हते. मी सारणी पुन्हा उघडली. १०१ या ओळीत, म्हणजे सभा आहे, जुना शेजार नाही, व्याज आहे अशा जोडणीत, दोन इमारती होत्या: चेंबूरच्या एकीची लिफ्ट चालू, कुर्ल्याच्या एकीची बंद. ओळीतील किती प्रमाणात इमारतींची लिफ्ट चालू आहे हे सांगणाऱ्या `incl` च्या रकान्यात `0.500` आणि ओळीचा निकाल सांगणाऱ्या `OUT` मध्ये निमूट ०. `incl.cut` ची मर्यादा १ ठेवल्यामुळे पॅकेजने ती परस्परविरोधी ओळ कोणतीही सूचना न देता अपयशाच्या बाजूला टाकली होती, आणि चेंबूरची चालती लिफ्ट हिशेबातून गेली होती.

सहकाऱ्याचे म्हणणे, चौथी अट घालू, दोघी वेगळ्या होतील. वेगळ्या नक्कीच झाल्या असत्या. पण ओळी सोळा आणि इमारती आठच, म्हणजे निम्म्याहून कमी नाही इतकी सारणी रिकामी. तेवढ्या मोकळ्या जागेत विरोध मिटतो तो उत्तर सापडल्यामुळे नव्हे, तर तुलनेला जोडीदारच उरत नाही म्हणून. आमच्या बाई म्हणाल्या, "आधी इमारतीत जाऊन या."

दुपारी आम्ही कुर्ल्याला गेलो. सेक्रेटरींनी प्रोसिडिंग बुक आनंदाने पुढे केले. याच वहीवरून आम्ही S ला १ दिला होता. या वेळी मी पाने नीट पाहिली. तीन वर्षांच्या तिन्ही सभा एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनाने लिहिलेल्या होत्या, आणि सह्यांचा क्रमही तिन्ही वेळा तोच होता. चौथ्या मजल्यावरच्या एका आजींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "सभा कसली गं बाई? ऑडिट आलं की पोरगा सही घ्यायला दारात येतो."

S ला ० दिल्यावर ही इमारत १०१ मधून ००१ या तोवर रिकाम्या ओळीत गेली आणि विरोध संपला. पण अडचणीच्या प्रकरणाचाच गुण बदलणे म्हणजे उत्तराला साजेसे पुरावे जमवणे झाले असते. म्हणून मोजणीचा नियमच बदलला, वहीसोबत दोन रहिवाशांची साक्षही घ्यायची असे ठरवले, आणि तो उरलेल्या सातही इमारतींना लावला. त्यात दोन दिवस गेले. तिथे एकही गुण बदलला नाही. बदलला असता तर तोही स्वीकारावा लागला असता.

नवे उत्तर `S*J + S*N` असे आले. सभा लागतेच, आणि तिच्या जोडीला जुना शेजार किंवा व्याज यांपैकी एक तरी. चालू लिफ्टच्या चारही इमारती त्यात बसतात: दोन दोन्ही वाटांत, एक फक्त शेजाराच्या आणि चेंबूरची फक्त व्याजाच्या.

आता सारणीत एकच ओळ रिकामी राहिली, १००: सभा होतात, पण जुना शेजारही नाही आणि व्याजही नाही. तिथे लिफ्ट चालेल असे गृहीत धरले, तर उत्तर आकसून नुसते `S` उरते. सहकाऱ्याला ते छोटे उत्तर आवडले होते. परंतु अशी एकही इमारत आम्ही पाहिलेली नसताना केवळ सभांवर लिफ्ट चालते असे लिहायला माझा हात धजेना. अहवालात लांब उत्तर गेले, आणि रिकामी ओळ रिकामी म्हणूनच छापली. त्या जोडणीची एक इमारत नंतर मानखुर्दला सापडली. तिची लिफ्ट बसवून अजून बारा महिने झालेले नाहीत.