डांबर नाही म्हणून तंबाखू बरी?

राजारामपुरीत माझं मेडिकल आहे. एक दिवस दुपारी, पाऊस नुसता धो धो, एक वैनी छत्री झटकत आल्या आणि निकोटीन गमचं अर्धं पाकीट काउंटरवर ठेवलं. म्हणाल्या, "हे परत घ्या, ह्यावर निकोटीन लिहिलंय की! सिगरेट सोडायला दिलं आणि कॅन्सर करणारंच औषध दिलंसा व्हय?"

त्यांचे मिस्टर, आमचे मामा, शिरोलीला फाउंड्रीत, दिवसाला बारा-पंधरा सिगरेट. गम तीन दिवस चघळला, मग बायकोनं पाकीट वाचलं आणि बंद, परत सिगरेट सुरू. म्हणजे भीती निकोटीनची आणि उपाय काय तर सिगरेट, जिच्यात निकोटीन आहेच आणि वर बाकीचं सगळं फुकट.

मी म्हटलं उद्या दोघंही या. आले. मी त्यांना सांगितलं, टिश्यू पेपर ओठाला लावा आणि धूर आत न घेता त्यातून सोडा (दुकानाबाहेर हां). पिवळट तपकिरी डाग पडला. मामा लगेच म्हणाले, "हेच ते निकोटीन." सगळेच तसं म्हणतात, बोटं पिवळी झाली तरी निकोटीनच. पण शुद्ध निकोटीनला रंगच नसतो, तो डाग टारचा, म्हणजे डांबराचा, पान जळताना निघणारी चिकट काजळी. धुरात सात हजारांवर रसायनं असतात आणि त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी. निकोटीन त्या सत्तरात नाही. ते सवय लावतं, नाडी आणि बीपी वाढवतं, गरोदर बाईला तर अजिबात नको, पण एकट्या निकोटीननं माणसाला कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत फुफ्फुसाच्या एका मोठ्या अभ्यासात लोकांनी वर्षानुवर्षं गम वापरला, त्याचा कॅन्सरशी संबंध दिसला नाही, धुराचा मात्र दिसला. मी आपला मोठ्या थाटात म्हणालो, "मामा, चटक लावतं निकोटीन, मारतं डांबर." मला वाटलं काय भारी समजावलं.

दीड महिन्यानं मामा आले, खूश. "सिगरेट सुटली! गम पण सोडला, महाग पडतोय. आता नुसता बार. तंबाखूत धूर नाही, म्हणजे तुमचं ते डांबर पण नाही."

मी गारच. माझंच वाक्य त्यांनी तंतोतंत वापरलं होतं आणि त्यात तर्क म्हणून चूक काहीच नव्हती, चूक माझ्या वाक्यात होती. आधी दोन-तीन बार असायचे ते आता दहा झाले होते. विचारलं तर म्हणाले तांबडा रस्सा झोंबतोय. बॅटरीनं तोंडात बघितलं, खालच्या ओठाच्या आत, जिथं बार धरतात तिथंच पांढरट खरबरीत चट्टा, पुसून न जाणारा. त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं, कारण असला चट्टा काय आहे ते काउंटरवरून ठरत नाही.

मग पुन्हा बसवून सांगितलं, आणि ह्यावेळी डांबराचं नाव काढलं नाही. तंबाखूचं पान वाळवताना, आंबवताना त्यातल्याच निकोटीनपासून आणि त्याच्या भाऊबंदांपासून नायट्रोसामाईन नावाची रसायनं बनतात, आणि त्यातली काही पक्की कॅन्सर करणारी. त्याला जाळायची गरजच नाही, दहा बार म्हणजे ती दिवसभर ओठात दाबून ठेवायची. चुन्यामुळे निकोटीन झटकन रक्तात जातं म्हणून तलफ पण पक्की, आणि चुना तिथली कातडी पोळवतो ते वेगळंच. गममधलं निकोटीन पानातून काढून शुद्ध केलेलं, त्यात हा कारभार जवळजवळ नसतोच. वैनींनी मधेच विचारलं, "मग नुसती सुपारी?" तिच्यात निकोटीनही नाही आणि टारही नाही, तरी कॅन्सर करते. म्हणजे निकोटीन आहे का टार आहे एवढं विचारून भागत नाही, तोंडात किंवा छातीत नेमकं काय काय जातंय ते बघायला लागतं.

गम का नकोसा झाला ते पण तेव्हाच कळलं. मामा चहा पिऊन लगेच तोंडात टाकत आणि च्युइंगमसारखा सटासट चावत, मग उचकी, मळमळ. चहाच्या आंबटपणानं निकोटीन गालातून आत शिरत नाही, आणि भरभर चावलं की थुंकीबरोबर पोटात जातं. पंधरा मिनिटं आधी काही प्यायचं नाही, चार-पाचदा चावायचा, तिखट लागला की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा, असं अर्धा तास.

"म्हणजे बारसारखाच धरायचा की," मामा म्हणाले. म्हटलं हो, तेवढी प्रॅक्टिस तुमची आहेच. चट्ट्याचा तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला नाही, पण डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. परवा पुढचं पाकीट न्यायला आले तेव्हा वैनींनी आधी त्यांचा खिसा तपासला, चुन्याच्या डबीसाठी.